भावासाठी जागा सोडा

इतवारीतल्या साड्यांच्या एका छोट्या दुकानासाठी पुतण्यानं मोबाइलवर तयार केलेलं पहिलं चित्र बघण्यासारखं होतं. मधोमध सोनेरी साडीतली एक बाई. तिच्या मागं आतषबाजी, पायाशी मोजता येणार नाहीत इतक्या पणत्या, दोन्ही बाजूंना नाण्यांनी भरलेले कलश आणि कोपऱ्यात लाल गोल. त्या गोलात ‘सेल’सारखं काहीतरी लिहिलेलं होतं, पण ‘से’ची मात्रा ‘ल’वर चढली होती आणि शेजारी एक असं अक्षर होतं, जे कुठल्याच बाराखडीत नाही. यंत्राला दिलेली आज्ञा एका ओळीची होती.

```
साडीच्या दुकानासाठी दिवाळी सेलचा सुंदर बॅनर बनव, नागपूर
```

काकांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. “हे साडी आपल्या दुकानात आहे काय रे?” आणि “आता भाव कुठं लिहू? त्या बाईच्या तोंडावर?”

पुतण्याला दोन्ही प्रश्न जुनाट वाटले. मला मात्र चित्र बनवणाऱ्या यंत्रांबद्दल इतक्या नेमकेपणानं बोललेलं फारसं ऐकायला मिळालेलं नाही. २०२५च्या सप्टेंबरात गुगलच्या ‘नॅनो बनाना’नं घराघरांतल्या मुलींचे फोटो शिफॉनच्या साडीत आणि जुन्या सिनेमाच्या उजेडात नटवून दिले. तेव्हापासून साडी म्हटली की यंत्र काय करू शकतं, हे सगळ्यांना कळलेलं आहे. ते काय करत नाही, हे दुकानदाराला पहिल्याच चित्रात दिसतं. ते दुकानातला माल दाखवत नाही आणि रिकामी जागा सोडत नाही. छोट्या दुकानाच्या बॅनरमध्ये कामाच्या गोष्टी तर याच दोन.

म्हणून यंत्राकडे बॅनर मागायचाच नाही. मागायची ती फक्त चौकट. सणाचा थोडा उजेड, माल ठेवायला एक रिकामी जागा आणि भाव लिहायला दुसरी. माल आपल्या कॅमेऱ्यातून येईल आणि अक्षरं फ्लेक्सवाल्याच्या संगणकावरून. ही पद्धत नवी नाही. शिवकाशीहून येणाऱ्या कॅलेंडरांची वर्षानुवर्षं हीच रीत होती. देवाचं, निसर्गाचं किंवा बाळाचं चित्र हजारोंनी छापून तयार असायचं. खाली एक कोरी पट्टी सोडलेली असायची आणि तिच्यावर नागपूरच्या किराणा दुकानाचं नाव नागपुरातच छापलं जायचं. चित्रकाराला दुकान ठाऊक नसायचं. पट्टी किती उंच ठेवायची हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असायचं.

यंत्राला ती पट्टी का जमत नाही? ही यंत्रं चित्र आणि त्याखालचं वर्णन अशा अगणित जोड्यांवरून शिकलेली आहेत. वर्णनात माणूस चित्रात जे आहे ते लिहितो. ‘उजवीकडे काही नाही’ असं सहसा कोणी लिहीत नाही. त्यामुळे दिवा, रांगोळी, झेंडू यांचं रूप यंत्राला भरपूर ओळखीचं आहे, पण रिकामेपणाला फारसं रूपच नाही. उलट ‘दिवाळी’, ‘सेल’ आणि ‘बॅनर’ हे तीन शब्द एकत्र आले की यंत्राच्या ओळखीची चित्रं कोणती? जाहिरातींची, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत भरलेली आणि अक्षरांनी गच्च. ते अक्षरं काढतं ती आपल्याला काही सांगायला नव्हे. अशा चित्रांत त्या ठिकाणी अक्षरांसारखे आकार असतात म्हणून ते तसे आकार काढतं. नव्या यंत्रांना इंग्रजी शब्द बरेच जमू लागलेत आणि देवनागरीतला एखादा छोटा मथळाही कधी कधी नीट येतो. पण मथळ्यातली मात्रा हुकली तर लोक हसतील, भावातला आकडा हुकला तर गल्ल्यावर भांडण होईल. शिवाय भाव बदलतात. दसऱ्याला लावलेला भाव धनत्रयोदशीला तोच राहील याची खात्री काकाही देत नाहीत. चित्रात गोठलेला आकडा बदलायचा तर चित्र पुन्हा मागावं लागतं, आणि पुन्हा मागितलं की दुसरंच येतं.

आज्ञा लिहिण्याआधी मोजपट्टी घ्यावी लागते. इथे बहुतेक जण उलटं करतात. आधी चित्र पसंत करतात आणि मग फ्लेक्सवाल्याला म्हणतात, “बसवून दे.” फ्लेक्सवाला बसवतो, म्हणजे ताणतो. मग पणत्या थाळीसारख्या रुंद होतात.

काकांच्या दुकानावर शटरच्या वर सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच जागा आहे. म्हणजे रुंदी उंचीच्या दुप्पट. समोरच्या फुटपाथवरून आणि गल्लीतून हळू जाणाऱ्या दुचाकीवरून तो बॅनर वाचला जाणार, म्हणजे अंतर साधारण तीस फूट. पाटी रंगवणाऱ्यांचा जुना आडाखा असा की दहा फुटांमागे अक्षराची उंची किमान एक इंच हवी. तीस फुटांना तीन इंच. पण गर्दीत, गाडी चालवताना, वर्दळीतून मान वळवून वाचायचं तर किमानावर भागत नाही. फ्लेक्सच्या दुकानातल्या ऑपरेटरनं भावाचे आकडे पाच इंचांचे धरले आणि बाकीचा हिशेब त्यावरून मांडला.

भाव तीन. सुती साडी ₹४९९ पासून, सिल्क-मिक्स ₹१,२९९ पासून आणि करवतकाठीवर १० टक्के सूट. प्रत्येकासाठी वर दोन इंचांचं मालाचं नाव, मग एक इंच फट, खाली पाच इंचांचा आकडा. झाले आठ इंच. तिन्हींचे चोवीस. मधल्या दोन फटी दोन-दोन इंचांच्या, म्हणजे अठ्ठावीस. बॅनर छत्तीस इंच उंच आहे, पण वर-खाली दोन-दोन इंच दुमडण्यात आणि डोळे ठोकण्यात जातात, तिथं काही लिहायचं नसतं. उरले बत्तीस. म्हणजे तळाशी चार इंच शिल्लक, त्यात सेलच्या तारखा. रुंदीकडे पाहिलं तर ‘₹१,२९९’ पाच इंच उंचीत जाड ठशात सतराएक इंच घेतं आणि शेजारचं छोटं ‘पासून’ सहा-सात. दोन्ही बाजूंना थोडी हवा सोडली की भावाची जागा एकोणतीस इंच, म्हणजे बहात्तरपैकी चाळीस टक्के झाली.

दुकानाचं नाव कुठे गेलं, असा प्रश्न पुतण्यानं विचारलाच. त्याच्या डोक्यात नाव सगळ्यात मोठं होतं. ऑपरेटर म्हणाला, “नाव पाटीवर आहे न भाऊ, फ्लेक्सच्या दीड फूट वर. दोनदा काहून वाचाचं?” हे खरंच आहे. दुकानावरच लागणाऱ्या बॅनरवर नावाची गरज सगळ्यात कमी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावायच्या उभ्या चित्रात मात्र नाव आणि पत्ता आधी लागतो, कारण तिथं वर पाटी नसते. म्हणून त्या दोन्हींसाठी एकच चित्र कापून वापरू नये. उभं चित्र वेगळं मागावं आणि त्यात माल वर, भाव खाली ठेवावा.

मापं हाती आली की आज्ञा लिहिणं सोपं होतं, पण त्यातही एक युक्ती आहे. यंत्राला ‘जागा सोड’ म्हणायचं नाही. जागा ही एक वस्तू आहे असं समजून तिचं वर्णन करायचं. ‘भावासाठी रिकामी जागा’ म्हटलं की ‘भाव’ ऐकून यंत्र किमतीचं लेबल काढून देतं. ‘मोतिया रंगाची गुळगुळीत भिंत’ म्हटलं की भिंत मिळते, आणि भिंतीवर लिहिता येतं. मालाच्या जागेचंही तसंच. ‘साडीसाठी जागा’ म्हटलं की साडी येणार, ‘रिकामा चौरंग’ म्हटलं की चौरंग येण्याची शक्यता बरीच वाढते. ‘सेल’, ‘बॅनर’, ‘जाहिरात’, ‘पोस्टर’, ‘सूट’ हे शब्द आज्ञेत येऊच द्यायचे नाहीत.

नकाराचंही असंच. ‘रांगोळी नको’ असं लिहिलं की कित्येकदा रांगोळी हटकून येते, कारण यंत्राच्या कानावर शब्द पडला तो रांगोळीचाच. गप्पांच्या पद्धतीनं चालणाऱ्या नव्या यंत्रांना नकार पूर्वीपेक्षा बरा कळतो, तरी त्यावर विसंबू नये. मिडजर्नीमध्ये नको असलेल्या गोष्टी वेगळ्या सांगायची सोय आहे. आज्ञेच्या शेवटी `--no text` आणि मापासाठी `--ar 2:1` असं लिहिता येतं. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नकारांसाठी वेगळा रकानाच असतो. तिथं शब्द टाकायला हरकत नाही, मुख्य वर्णनात नाही. ही जुनी यंत्रं मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर वाढलेली असल्यानं त्यांना इंग्रजीतच लिहावं लागतं. गप्पांच्या यंत्रांना मराठी चालतं.

पुतण्याच्या मोबाइलवरचं यंत्र आडवं चित्र देतं ते १५३६ बाय १०२४ ठिपक्यांचं, म्हणजे दीडपट रुंद. आपल्याला हवं दुप्पट रुंद. वरचा आठवा आणि खालचा आठवा हिस्सा कापला की १५३६ बाय ७६८ उरतं आणि माप जुळतं. पण तिथं कंदिलाचं टोक किंवा चौरंगाचे पाय आले असतील तर तेही कापले जाणार. म्हणून हे कापणं आज्ञेतच धरून ठेवायचं. दुसरं असं की टक्केवारी यंत्राला नीट कळत नाही. ‘उजवा अर्धा’ त्यातल्या त्यात कळतं. चाळीस टक्के हवे असतील तर अर्धं मागावं. थोडं तर ते खाणारच.

शेवटी लिहिलेली आज्ञा अशी होती.

```
आडवं छायाचित्र, समोरून, चौरंगाच्या किंचित वरच्या उंचीवरून घेतलेलं.
मागे फिकट मोतिया रंगाची, गुळगुळीत, एकसारखी भिंत. जमीनही त्याच रंगाची.
डाव्या अर्ध्यात रुंद, बुटका, गडद लाकडी चौरंग. चौरंगाचा वरचा भाग पूर्ण रिकामा.
चौरंगाच्या डाव्या टोकाशी जमिनीवर मातीच्या तीन पेटत्या पणत्या आणि झेंडूची मूठभर फुलं.
डावीकडे वर बांबूच्या काड्यांचा, केशरी कागदाचा, झिरमिळ्या असलेला एकच टांगलेला कंदील.
मऊ प्रकाश डावीकडून वरून. सावल्या लहान, उजवीकडे पडलेल्या.
उजवा अर्धा भाग म्हणजे फक्त तीच साधी भिंत आणि जमीन, कडेपर्यंत सारख्या उजेडात.
वरच्या व खालच्या आठव्या हिश्शात फक्त भिंत आणि जमीन.
```

कंदिलाचं एवढं वर्णन कशाला, असं वाटेल. नुसतं कंदील म्हटलं की आकाशात सोडतात तसले उडते चिनी दिवे येतात, नाहीतर काचेचा रॉकेलचा कंदील. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत टांगतात तो कंदील हवा असेल तर काड्या, कागद आणि झिरमिळ्या मोजून सांगाव्या लागतात. ‘दिवाळी’ हा शब्द मात्र आज्ञेत कुठेच नाही. तो घातला की पणत्यांचा पूर येतो आणि तो उजव्या अर्ध्यात वाहत जातो. तीन पणत्या, झेंडू आणि कंदील दिसल्यावर नागपूरच्या माणसाला सण कोणता ते वेगळं सांगावं लागत नाही. लक्ष्मीचं चित्रही जाणून टाळलं. यंत्र हातांची संख्या चुकवतं हे एक कारण. काकांचं कारण वेगळं होतं. सण उलटला की फ्लेक्स कुठे जातो? कोणाच्या तरी गाडीवर ताडपत्री होतो, नाहीतर गोठ्यावर पावसाला आडोसा. देवी तिथं कशाला न्यायची?

चार-चार करून चित्रं मागवली आणि निवडताना फक्त उजवा अर्धा पाहिला. डावी बाजू सुंदर असलेलं चित्र टाकून देताना पुतण्याचा जीव खालीवर होत होता, पण निवड तिथंच चुकते. सुंदर कंदिलाला भुलून माणूस भिंतीवरची सावली माफ करतो आणि ती सावली पुढे नेमकी ₹१,२९९च्या स्वल्पविरामावर पडते. बिघाड ठरावीक दिसले. काही चित्रांत जमिनीवर उजवीकडे पाकळ्या सांडल्या होत्या. काहींत भिंतीच्या कडा काळवंडल्या होत्या. फोटोला गूढपणा आणायची यंत्राची ही सवयच. एकात चौरंगावर लाडवांचं ताट येऊन बसलं होतं. रिकामा चौरंग यंत्राला सहन झाला नसावा.

यातलं सगळं पुन्हा मागून सुधारायला बसू नये. लाडवांचं ताट काढायला सांगितलं तर यंत्र काढतं, एका वेळी एकच बदल सांगितला तर नीट काढतं. पण भिंतीवरच्या पाकळ्या आणि काळ्या कडा ऑपरेटरनं तिथल्या तिथं भिंतीचाच रंग उचलून बुजवल्या. “याला यंत्र कशाला पाह्यजे? दोन मिन्टाचं काम,” तो म्हणाला. जागा सपाट आणि एकरंगी मागितल्याचा हा आणखी एक फायदा. तिची डागडुजी कोणालाही करता येते.

आता माल. काकांचा पहिला प्रश्न इथं परत समोर येतो आणि करवतकाठीच्या बाबतीत तो सगळ्यात बोचतो. करवतकाठी ही विदर्भाची स्वतःची साडी. टसरचा मधासारखा तपकिरी अंगरंग आणि दोन्ही काठांना करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. पारंपरिक विणीत काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी चालतो आणि जिथं ते एकमेकांत गुंततात तिथं दाते तयार होतात. जाणकार बाई साडी हातात घेतली की आधी काठच पाहते. दाते सारखे आहेत का, टोकं बोथट झालीत का, उलट बाजूला काय दिसतं. यंत्राला करवतकाठी काढायला सांगितली तर ते कुठली तरी दक्षिणेकडची भरजरी साडी काढतं. दाते काढलेच तर चार दाते नीट येतात, पाचव्याला फुलाची पाकळी फुटते आणि सहावा सोन्याच्या रेषेत वितळतो. शिफॉनमध्ये हे खपून जातं. विणीची साडी विकणाऱ्यासाठी ही खोटी साडी आहे, आणि गिऱ्हाईक ‘बॅनरवरची दाखवा’ म्हणून आत आलं तर दाखवायला ती कुठेच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. पण काकांना कायद्याआधी गिऱ्हाइकाची भीती वाटते.

म्हणून चौरंगावर दुकानातल्या खऱ्या साड्यांचा फोटो बसवला. तो चिकटवलेला दिसू नये म्हणून दोन गोष्टी सांभाळल्या. चित्रात प्रकाश डावीकडून वरून आहे, तर फोटोतही तसाच हवा. दुकानाच्या दाराशी, ऊन थेट न येणाऱ्या जागी, दार डाव्या हाताला राहील असं टेबल लावलं आणि आतले ट्यूबलाइट बंद केले. ते चालू राहिले असते तर साडीवर दोन रंगांचा उजेड पडून टसर हिरवट दिसलं असतं. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. चित्रात चौरंगाचा वरचा भाग थोडासाच दिसतो. फोटो उभ्यानं खाली वाकून काढला असता तर साड्यांच्या घड्या वरून दिसल्या असत्या आणि चौरंगावर घसरल्यासारख्या वाटल्या असत्या. पुतण्या स्टुलावर बसला, मोबाइल टेबलाच्या जरा वर धरला आणि स्टूल दोन पावलं मागं घेऊन झूम केलं, कारण फार जवळून काढलं की पुढची घडी फुगलेली दिसते. खाली सुती साड्यांचा गठ्ठा, त्यावर सिल्क-मिक्स आणि सगळ्यात पुढे एक करवतकाठी, काठ कॅमेऱ्याकडे करून. साड्यांमागची पार्श्वभूमी कापून टाकली, साड्या चौरंगावर ठेवल्या आणि साडीखाली उजवीकडे एक पुसट सावली हातानं काढली. ती सावली नसेल तर साड्या हवेत तरंगतात.

चित्राचे ठिपके कमी पडतील का, ही शंका छपाईच्या वेळी हमखास येते. या प्रकारच्या फ्लेक्सला पूर्ण आकारात इंचाला बहात्तर ठिपके पुरेसे होतात. सहा बाय तीन फुटांना ते होतात ५१८४ बाय २५९२. आपल्याकडे यंत्राचं चित्र १५३६ रुंद, म्हणजे इंचाला एकवीसच. सव्वातीन-साडेतीन पट ताणावं लागणार. सगळा बॅनर यंत्राकडून आला असता तर साडीचा काठही त्याच पटीत ताणला गेला असता आणि अक्षरांच्या कडांना पायऱ्या दिसल्या असत्या. इथं ताणली गेली ती फक्त भिंत, चौरंग आणि पणत्या, आणि भिंत थोडी धूसर झाली तर कोणाचं काही बिघडत नाही. साड्यांचा फोटो मोबाइलच्या बारा मेगापिक्सलचा, चार हजार ठिपके रुंद. बॅनरवर तो तीस इंचांत बसतो, त्याला हवे एकवीसशे-साठ. दाते धारदार राहतात. अक्षरं तर ठिपक्यांची नसतातच, ती रेषांची असतात, हवी तेवढी मोठी करा. फोटो आणि चित्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं. नाहीतर वाटेतच बरेच ठिपके गळतात आणि दोष छपाईवर येतो.

अक्षरांची तऱ्हा सगळ्या फ्लेक्सच्या दुकानांत सारखीच. जुन्या मशिनवर जुने फॉन्ट असतात. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर त्यांच्यात डकवला की अक्षरांची खिचडी होते. २०१० पूर्वीच्या फॉन्टमध्ये ₹ हे चिन्हच नाही, कारण तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. तिथं चौकोन किंवा भलतंच काही उमटतं. मुक्ता किंवा बलू असा मोकळा मिळणारा युनिकोड फॉन्ट घ्यावा, मजकूर लावून झाला की कोरलड्रॉमध्ये `Ctrl+Q` दाबून त्याच्या रेषा करून टाकाव्यात, म्हणजे दुसऱ्या मशिनवर जोडाक्षर फुटत नाही. रेषा करण्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवावी. उद्या भाव बदलणारच आहे.

छपाईआधी जागा खरंच मोकळी आहे का, हे पडद्यावर कळत नाही, कारण पडदा हातभर अंतरावर असतो. ऑपरेटरनं बॅनर ए-फोर कागदावर आडवा छापला. कागद पावणेबारा इंच रुंद, बॅनर बहात्तर, म्हणजे सहापटीला थोडा जास्त. तीस फुटांवरून बॅनर जसा दिसेल तसा हा कागद जवळपास पाच फुटांवरून दिसतो. कागद भिंतीला लावला, काका पाच फुटांवर उभे राहिले. आकडे वाचता आले. ‘सिल्क-मिक्स’ मात्र ‘सिल्क’ एवढंच वाचलं गेलं, पुढचं गिळलं गेलं. अक्षरं जाड केली आणि शब्दांतली फट वाढवली. मग तेच चित्र काळंपांढरं करून पाहिलं. भावाखालची भिंत एका करड्या छटेची दिसली आणि अक्षरं तिच्यावर स्पष्ट काळी. रंगात वेगळे भासणारे केशरी आणि हिरवा काळ्यापांढऱ्यात बरेचदा एकाच करड्या छटेत जातात. त्या जोडीत लिहिलेला भाव दुरून वाचता येत नाही, म्हणून आकडे गडद मरून रंगात ठेवले.

छापून आलं तेव्हा पणत्यांच्या ज्योती मोबाइलवर होत्या तेवढ्या पेटलेल्या नव्हत्या. पडद्यावरचा उजेड शाईत उतरत नाही. झेंडूचा केशरी थोडा मळतोच. भिंत मोतिया ठेवली होती म्हणून छपाईच्या आडव्या रेघा दिसल्या नाहीत. गडद मरून पार्श्वभूमीवर मशिनचं एखादं छिद्र जरी तुंबलेलं असेल तरी पट्टे उठून दिसतात. भावाचे आकडे असलेली फाइल जपून ठेवलीच होती. शिवाय ऑपरेटरनं सुचवलं की धनत्रयोदशीला भाव उतरवायचे असतील तर सगळा फ्लेक्स पुन्हा छापू नका. भिंतीच्या रंगाचा, मोजून कापलेला व्हिनाइलचा तुकडा फक्त आकड्यावर चिकटवा. हे जमतं, कारण खाली भिंत एकाच रंगाची आहे.

वाद झाला होता तो एका शब्दावरून, तोही अगदी शेवटी, फाइल छपाईला जाण्याआधी. काका म्हणाले, “ते ‘पासून’ बारीक कर रे बाप्पा, एक इंच.” म्हणजे दुरून ₹४९९ दिसावं आणि ‘पासून’ आत आल्यावर. ही व्यापाराची जुनी खोड आहे आणि ती फक्त इतवारीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच ठशात असावा आणि जाहीर केलेल्या भावात माल मिळण्याची रास्त शक्यता असावी, असं त्यांत म्हटलं आहे. ऑपरेटरनं ते नियम वाचलेले नव्हते. त्याचं म्हणणं साधं होतं. ₹४९९च्या साड्या किती आहेत? काकांनी मोजायला माणूस आत पाठवला. तीनेक डझन निघाल्या. मग ‘पासून’ दोन इंचांचं राहिलं. त्या दोन इंचांसाठी आकडा पाचाचा पावणेपाच करावा लागला, आणि तळाच्या चार इंचांत तारखांच्या पुढे ‘साठा असेपर्यंत’ लिहिलं गेलं, त्याच ठशात.